पाळणाघरातल्या फ्रीजमधली पोलोनी: दक्षिण आफ्रिकेतील लिस्टेरिया साथीचे प्रकरण

12 जानेवारी 2018, शुक्रवारची सकाळ. जोहान्सबर्गजवळच्या सोवेतोमधील ख्रिस हानी बराग्वनाथ रुग्णालयात पाच वर्षांखालची नऊ मुले दाखल झाली. सगळी एकाच पाळणाघरातली होती आणि सगळ्यांना ताप आणि जुलाब होते. बालरोग विभागात असे रोजच घडते. मुलांना सलाईन लावायचे, पाणी-मीठ सांभाळायचे आणि दोन-तीन दिवसांत घरी सोडायचे, एवढ्यावरच हे प्रकरण मिटू शकले असते.

पण त्या वेळी देशात लिस्टेरिया नावाच्या जिवाणूची एक विचित्र साथ चालू होती. ती पाहणाऱ्या बालरोगतज्ज्ञांनी शंका काढली की हा अन्नातून झालेला संसर्ग असावा आणि तो लिस्टेरियाचाही असू शकतो. त्यांनी त्याच दिवशी पर्यावरण आरोग्य निरीक्षकांना कळवले आणि निरीक्षक त्याच दिवशी पाळणाघरात पोचले. तिथल्या फ्रीजमध्ये त्यांना दोन वेगवेगळ्या कंपन्यांची पोलोनी मिळाली.

पोलोनी म्हणजे मांसाचा बारीक लगदा मसाला-मीठ घालून, जाड नळीसारख्या वेष्टनात भरून कारखान्यातच शिजवलेला लांबट सॉसेज. ती थंडच कापून पावात घालतात. दक्षिण आफ्रिकेत ती गरिबांच्या ताटातली गोष्ट आहे, कारण मांसाच्या पदार्थांत ती सर्वांत स्वस्त पडते. सोवेतोत 'कोटा' नावाचा खाद्यप्रकार रस्त्यावर मिळतो: पावाचा चौथा भाग पोखरून त्यात बटाट्याचे काप, पोलोनी आणि 'अचार' भरतात. हा अचार म्हणजे भारतीय मजुरांबरोबर तिकडे गेलेले आपले आंब्याचे लोणचेच. मुलांच्या डब्यातही पोलोनी असतेच.

निरीक्षकांनी ती पोलोनी प्रयोगशाळेत पाठवली. नऊ मुलांपैकी एकाच्या शौचाच्या नमुन्यात लिस्टेरिया मोनोसायटोजेनिस सापडला आणि पोलोनीच्या दोन्ही नमुन्यांतही. राष्ट्रीय संसर्गजन्य रोग संस्थेत, म्हणजे एनआयसीडीत, या जिवाणूंचा पूर्ण जनुकक्रम वाचला गेला. 27 जानेवारीला निकाल आला: तिन्ही नमुने एकाच प्रकारचे, एसटी-6. देशभरातल्या रुग्णांच्या रक्तातून वेगळ्या केलेल्या लिस्टेरियापैकी दहातले नऊ नमुने याच प्रकारचे होते.

साथीचा उगम शोधायला सहा महिने लागले होते आणि शेवटचा धागा दोन आठवड्यांत हाती आला. हा फरक का पडला, याचे उत्तर या जिवाणूच्या स्वभावात आहे, आणि बाकीच्या मांसजन्य जिवाणूंशी तुलना केली की ते नीट दिसते.

सहा महिने हाती काही का लागले नाही

सुरुवात जुलै 2017 मध्ये झाली. बराग्वनाथ आणि प्रिटोरियातील स्टीव्ह बिको रुग्णालयातील नवजात विभागांच्या डॉक्टरांनी एनआयसीडीला कळवले की लिस्टेरियाचा संसर्ग घेऊन जन्मणारी बाळे नेहमीपेक्षा फारच जास्त दिसत आहेत. त्या देशात वर्षाकाठी साधारण 60 ते 80 रुग्ण सापडत असत. 5 डिसेंबर 2017 रोजी आरोग्यमंत्री अ‍ॅरन मोत्सोआलेदी यांनी साथ जाहीर केली तेव्हा त्या वर्षातला आकडा 557 वर गेला होता. त्यातले सुमारे 60 टक्के रुग्ण एकट्या गौतेंग प्रांतातले होते. तोवर या आजाराची नोंद करणे बंधनकारकही नव्हते. डिसेंबरात तसा आदेश निघाला.

साथीच्या शोधात नेहमीची पद्धत अशी असते: आजाऱ्यांना विचारायचे, 'आजारी पडायच्या आधी काय काय खाल्ले?' मग न आजारी पडलेल्यांच्या उत्तरांशी ते ताडून पाहायचे. लग्नाच्या जेवणानंतर विषबाधा झाली तर हा शोध दुपारपर्यंत संपतो. लिस्टेरियाच्या बाबतीत मात्र हा प्रश्न विचारायचा असतो महिन्याभरापूर्वीच्या जेवणाबद्दल.

फ्रान्समध्ये ज्या रुग्णांनी दूषित अन्न नेमके कधी खाल्ले हे ठाऊक होते, अशांच्या नोंदींचा अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात संसर्ग आणि लक्षणे यांमधला काळ रोगाच्या स्वरूपानुसार फार बदलला. जिवाणू रक्तात उतरलेल्या रुग्णांत मध्यक साधारण दोन दिवस, मेंदूज्वराच्या रुग्णांत नऊ दिवस आणि गर्भवतींमध्ये तब्बल 27 ते 28 दिवस. सर्वांत लांबलेला काळ 67 दिवसांचा होता.

आता हाच आकडा सोवेतोतल्या एखाद्या आईला लावून बघा. बाळ लिस्टेरिया घेऊन जन्मले, दोन दिवसांत त्याला श्वास लागला, जिवाणू वाढवून पाहण्याच्या तपासणीचा, म्हणजे कल्चरचा, निकाल यायला आणखी दोन-तीन दिवस गेले. त्यानंतर कोणीतरी फॉर्म घेऊन येतो आणि विचारतो, 'गेल्या महिन्यात काय काय खाल्लेत?' तिला स्वतःला तेव्हा धड आजारच झाला नव्हता. दोन दिवस कणकण, अंगदुखी, पाठ दुखणे, एवढेच. पोलोनी खाल्ली का, तर हो, नेहमीच खाते. कुठल्या कंपनीची? दुकानदाराने कापून दिली होती. ती खाऊन संपली, कागद कचऱ्यात गेला. तपासायला फ्रीजमध्ये काही उरलेले नाही.

आणि समजा आठवलेच, तरी हा पदार्थ तिथे जवळजवळ प्रत्येक घरात खाल्ला जातो. आजारी नसलेल्यांनीही तो खाल्लेलाच असतो, मग तुलनेत फरक दिसणार कसा? तरीही मुलाखतींनी दिशा दाखवलीच. महिन्याभरातला आहार सविस्तर विचारलेल्या 109 रुग्णांपैकी 93 जणांनी, म्हणजे 85 टक्क्यांनी, थेट खाण्याजोगे प्रक्रिया केलेले मांस खाल्ले होते आणि त्यात पोलोनीचे नाव सर्वांत वर होते. पण दिशा सापडणे वेगळे आणि कारखान्याचे दार सापडणे वेगळे.

दुसरा एखादा जिवाणू असता तर

समजा त्या पोलोनीत लिस्टेरियाऐवजी साल्मोनेला असता. मांसाच्या विषबाधेत हेच नाव सर्वांना ठाऊक असते. खाल्ल्यावर साधारण 12 ते 36 तासांत, कमीत कमी सहा तासांत आणि क्वचित पाच-सहा दिवसांनी, ताप, पोटात मुरडा, पाण्यासारखे जुलाब सुरू होतात. उलट्या होतात पण जुलाबांपुढे त्या दुय्यम असतात. धडधाकट माणूस चार ते सात दिवसांत बरा होतो आणि बहुतेकांना अँटिबायोटिक लागतच नाही. तान्ही बाळे, वृद्ध आणि प्रतिकारशक्ती उणी असलेले यांच्यात मात्र तो रक्तात उतरू शकतो. त्याचे नेहमीचे घर म्हणजे कोंबडी आणि अंडी, त्यामागोमाग डुकराचे मांस. अर्धकच्ची कोंबडी, कच्चे अंडे घातलेले मेयोनीज, किंवा कच्च्या कोंबडीची सुरी न धुता कांदा कापला, अशा वाटांनी तो पोटात जातो.

इथे एक गोष्ट बोलून टाकायला हवी, कारण आपल्याकडे 'साल्मोनेला' म्हटले की टायफॉइड आठवतो. टायफॉइडचा जिवाणू साल्मोनेलाच्याच कुळातला, पण तो फक्त माणसात राहतो, दूषित पाणी आणि माणसाच्या हातांमार्फत पसरतो आणि एक-दोन आठवड्यांनी चढत जाणाऱ्या तापाने उगवतो. कोंबडीतून येणारा साल्मोनेला दुसऱ्याच दिवशी संडासात बसवतो. चिकन खाऊन दुसऱ्या दिवशी जुलाब झाले म्हणून टायफॉइडची विडाल चाचणी करून आणणाऱ्यांचे पैसे वाया जातात.

साल्मोनेलाच्या बाबतीत माणूस आजारी पडतो तेव्हा ते अन्न त्याला आठवत असते, आणि बहुधा उरलेलेही सापडते. म्हणूनच साल्मोनेलाच्या साथीचा माग काढणे तुलनेने सोपे जाते.

पोलोनीत स्टॅफिलोकॉकस ऑरियसचे विष असते तर शोध आणखी झटपट लागला असता. हा जिवाणू हाताच्या फोडातून, नाकातून मांसावर येतो. मांस उबदार जागी ठेवले की वाढून विष तयार करतो आणि ते विष पुन्हा उकळले तरी मरत नाही. अर्ध्या तासापासून आठ तासांत कोरड्या ओकाऱ्या, मळमळ, पोटात कळ. ताप बहुधा नसतो. दिवसभरात माणूस उठून बसतो. जेवणाच्या पंगतीतून उठता उठता उलट्या सुरू झाल्या तर संशय याच्यावरच घ्यावा. हाताने तुकडे केलेले हॅम, शिजवून मग हाताने सोललेले चिकन ही त्याची ठिकाणे.

मोठ्या पातेल्यातल्या मटणाच्या रश्श्याचा जिवाणू निराळाच: क्लोस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स. याचे बीजाणू शिजवण्यातून जिवंत सुटतात. पन्नास माणसांचे मटण झाकण ठेवून रात्रभर ओट्यावर राहिले की पातेल्याचा मधला भाग तासन् तास कोमट राहतो आणि तेवढ्यात बीजाणूंमधून जिवाणू फुटून भराभर वाढतात. खाल्ल्यावर 6 ते 24 तासांत, बहुधा 8 ते 12 तासांच्या आसपास, पोटात जोराचा मुरडा आणि जुलाब. ताप नाही, उलटी जवळजवळ नाही, आणि दुसऱ्या दिवशी सगळे ठीक. रात्रीच्या जेवणानंतर पहाटे गावभर लोक परसाकडे धावतात, ते बहुधा याच्यामुळे. 'मसाला जास्त झाला होता' म्हणून तो सुटतो.

उलट्या टोकाला कॅम्पिलोबॅक्टर. हा अन्नात वाढतच नाही, कारण त्याला 30 अंशांवरचे तापमान आणि कमी प्राणवायू लागतो, पण आजारी पाडायला त्याचे काहीशे जिवाणूही पुरतात. कोंबडीच्या अंगावरच तो असतो, म्हणून कच्चट राहिलेले चिकन किंवा कच्च्या चिकनचे उडालेले पाणी हेच त्याचे कारण. दोन ते पाच दिवसांनी ताप, पोटदुखी, पुष्कळदा रक्त पडणारे जुलाब. थोड्या रुग्णांना पुढे काही आठवड्यांनी हातापायांतली ताकद जाण्याचा गियाँ-बारे आजार होतो आणि तोवर चिकनची आठवण कोणालाच नसते.

आणि ई. कोलाय ओ157. गोमांसाच्या खिम्याशी याचे नाते जुने आहे. अमेरिकेच्या पश्चिम भागात 1993 मध्ये नीट न भाजलेल्या हॅम्बर्गरमुळे सातशेहून अधिक लोक आजारी पडले आणि चार मुले दगावली. मांसाच्या अखंड तुकड्यावर जिवाणू पृष्ठभागावरच असतात आणि वरून भाजले की मरतात. खिमा करताना तेच आत मिसळले जातात, म्हणून खिमा आतपर्यंत शिजायला हवा. तीन-चार दिवसांनी पोटात असह्य कळा, मग रक्ताचे जुलाब, आणि गंमत अशी की ताप फारसा नसतो. शंभरातल्या पाच ते दहा रुग्णांत, विशेषतः लहान मुलांत, आठवड्याभराने मूत्रपिंडे बंद पडू लागतात. जुलाब बंद करणाऱ्या गोळ्या इथे घातक ठरतात आणि अँटिबायोटिक देतानाही डॉक्टर बिचकतात, कारण त्यामुळे विष अधिक सुटण्याची भीती असते.

या सगळ्यांचा एक समान धागा आहे. तक्रार पोटाची असते, म्हणून रुग्ण आणि डॉक्टर दोघेही अन्नाचाच विचार करतात. लिस्टेरिया या रांगेत बसत नाही. त्याच्या गंभीर रूपात पोट बहुधा गप्पच असते. पुढे येतो तो ताप, मान आखडणे, बेशुद्धी, गर्भपात किंवा मृत बाळ. अशा वेळी जेवणाचा विषय निघतच नाही.

लिस्टेरियाचे दोन चेहरे

सोवेतोतली नऊ मुले महत्त्वाची ठरली ती इथे. लिस्टेरिया दोन प्रकारे आजार करतो. निरोगी माणसाच्या पोटात एकदम मोठ्या संख्येने गेला तर साधारण एका दिवसात ताप आणि जुलाब होतात आणि दोन-तीन दिवसांत उतरतात. हे रूप साल्मोनेलासारखेच दिसते आणि बरे झाल्यावर त्याची कोणी चौकशीही करत नाही. शिवाय शौचाच्या नेहमीच्या कल्चरमध्ये प्रयोगशाळा साल्मोनेला आणि शिगेला शोधते, लिस्टेरिया शोधत नाही. डॉक्टरने चिठ्ठीवर नाव लिहून मागितले तरच तो शोधला जातो. त्या दिवशी बराग्वनाथमध्ये तो मागितला गेला.

दुसरे रूप खोलवर शिरणारे. आतड्याच्या पेशींत शिरून जिवाणू रक्तात जातो, आणि मग एका पेशीतून दुसऱ्या पेशीत, पेशींच्या बाहेर न पडता सरकत राहतो. पेशीच्या आत लपल्यामुळे त्याला प्रतिकारशक्तीच्या नेहमीच्या पहारेकऱ्यांची फारशी फिकीर नसते. त्याला अडवतात त्या टी पेशी, आणि गर्भारपण, म्हातारपण, कर्करोगाचे उपचार किंवा एचआयव्ही यांत याच पेशी कमी पडतात. मेंदूभोवतीची आणि वारेची भिंत तो ओलांडतो. म्हणून त्याचे बळी मुख्यतः नवजात बाळे आणि मेंदूज्वराचे रुग्ण असतात.

दक्षिण आफ्रिकेत नेमके असेच घडले. जानेवारी 2017 ते जुलै 2018 या काळात प्रयोगशाळेत खात्री झालेले 1060 रुग्ण नोंदले गेले. त्यांतले सुमारे 42 टक्के रुग्ण 28 दिवसांच्या आतली बाळे होती. ज्यांचे पुढे काय झाले हे कळले अशा 806 रुग्णांपैकी 216 दगावले, म्हणजे चारांत एकाहून थोडे अधिक. साल्मोनेलाने धडधाकट माणसे क्वचित मरतात. संख्येने तुलना केली तर लिस्टेरिया फार थोड्यांना होतो, पण ज्यांना होतो त्यांच्यासाठी तो सर्वांत जीवघेणा ठरतो. प्रौढ रुग्णांत एचआयव्हीबाधितांचे प्रमाण मोठे होते आणि त्या देशात एचआयव्ही किती पसरलेला आहे ते पाहता यात आश्चर्य नाही.

उपचाराच्या बाबतीतही एक खाच आहे जी डॉक्टर वाचकांना ठाऊक असेलच. मेंदूज्वर म्हटला की सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन किंवा सेफोटॅक्सिम सुरू होते. या गटातल्या औषधांचा लिस्टेरियावर परिणाम होत नाही. त्याला अँपिसिलिन लागते, बहुधा जेंटामायसिनच्या जोडीने. म्हणून नवजात बाळ किंवा वृद्ध यांच्या मेंदूज्वरात पहिल्या तासापासून अँपिसिलिन जोडायची पद्धत आहे. निकाल येईपर्यंत थांबले तर दोन दिवस हातचे जातात.

फ्रीज त्याला रोखत नाही

पाळणाघरातली पोलोनी फ्रीजमध्ये होती, तरीही मुले आजारी पडली. साल्मोनेला साधारण पाच-सात अंशांखाली वाढायचा थांबतो, परफ्रिंजेन्स तर त्याच्या बराच आधी. लिस्टेरिया चार अंशांवरही, किंबहुना शून्याच्या आसपासही सावकाश वाढत राहतो, आणि मिठालाही फारसा दबत नाही. मीठ आणि थंडी हीच तर प्रक्रिया केलेल्या मांसाची दोन हत्यारे. ती बाकीच्या जिवाणूंना मागे ढकलतात आणि याला रान मोकळे करून देतात. तीन आठवडे टिकणारा थंड पदार्थ म्हणजे लिस्टेरियासाठी तीन आठवड्यांची सवड.

उष्णतेला मात्र तो टिकत नाही. 70 अंशांच्या आसपास आतपर्यंत शिजलेल्या मांसात तो मरतो. मग कारखान्यात शिजवलेल्या पोलोनीत तो आला कुठून? इथे सर्वांत नाजूक जागा असते शिजवल्यानंतरची. गरम सॉसेज थंड करतात, वेष्टने पुसतात, पट्ट्यांवरून नेतात, कापतात, पाकिटात भरतात. या थंड, ओल्या खोल्यांत फरशीच्या गटारात, पट्ट्याच्या सांध्यात, यंत्राच्या पोकळ पायात लिस्टेरिया बसून राहतो. पृष्ठभागावर चिकट थर करून राहिला की फवारा मारून तो निघत नाही. काही कारखान्यांत एकाच वंशाचा लिस्टेरिया वर्षानुवर्षे सापडल्याची उदाहरणे आहेत.

पोलोनीवरचा कागद लिंपोपो प्रांतातल्या पोलोक्वानेच्या एंटरप्राइज फूड्स या कारखान्याकडे बोट दाखवत होता. टायगर ब्रँड्स या मोठ्या कंपनीचा हा कारखाना. फेब्रुवारी 2018 च्या सुरुवातीला एनआयसीडीचे लोक, कृषी खात्याचे अधिकारी आणि जागतिक आरोग्य संघटनेचे जिनिव्हाहून आलेले तीन तज्ज्ञ तिथे गेले आणि त्यांनी पदार्थांचे आणि कारखान्याच्या आतल्या पृष्ठभागांचे भरपूर नमुने घेतले. पृष्ठभागांच्या नमुन्यांपैकी 30 टक्क्यांहून अधिकांत लिस्टेरिया सापडला आणि किमान 16 नमुन्यांत तो साथीचाच एसटी-6 होता. हा शेवटचा निकाल 3 मार्चच्या मध्यरात्री हाती आला आणि 4 मार्चला मंत्र्यांनी पत्रकार परिषदेत कारखान्याचे नाव जाहीर केले. दुसऱ्याच दिवसापासून दुकानांतून पोलोनी, व्हिएन्ना, फ्रँकफर्टर आणि रशियन नावाचे सॉसेज हटवले जाऊ लागले. लोकांना सांगण्यात आले की तयार खाण्याजोगे कुठलेच प्रक्रिया केलेले मांस सध्या खाऊ नका, कारण दुकानाच्या काउंटरवर एकाच सुरीने सगळेच कापले जाते आणि दोष एका पदार्थातून दुसऱ्यात जातो. पाळणाघरातल्या दुसऱ्या कंपनीच्या पोलोनीतही एसटी-6 निघाला, तो असाच आला असण्याची शक्यता आहे. कारण कारखान्याच्या आत हा वंश सापडला तो पोलोक्वानेत.

हे सारे वाचून आपल्याकडे काय धोका, असे कोणी विचारील. आपले मटण, चिकन शिजवून गरमागरम ताटात येते. गोव्यातले चोरिसही कच्च्या मांसाचे, मीठ आणि व्हिनेगरमध्ये मुरवलेले असले तरी बटाटा-कांद्यात शिजवूनच खातात. या साथीतली जोखीम अशा पदार्थांची होती जे विकत घेतल्यावर पुन्हा चुलीवर जात नाहीत. सलामी, हॅम, सॉसेजचे थंड काप, सँडविचमधले तयार चिकन आता आपल्या शहरांतही तसेच विकले जातात, आणि काउंटरवर कापून मागणाऱ्यांत गर्भवती बायकाही असतात. त्यांना 'गरम करून खा, वाफ निघेपर्यंत' एवढा एकच सल्ला या जिवाणूबाबत पुरेसा ठरतो. साल्मोनेलाच्या बाबतीत जो सल्ला मिळतो, कच्च्या कोंबडीचे हात आणि सुरी वेगळी ठेवा, त्याने लिस्टेरियाचा हा मार्ग अडत नाही, कारण दोष घरातल्या ओट्यावर आलेला नसतो.

माल परत गेल्यावरही रुग्ण येत राहिले

4 मार्चनंतर नव्या रुग्णांचा आकडा झपाट्याने खाली आला, पण शून्य झाला नाही. हे अपेक्षितच होते. फेब्रुवारीत पोलोनी खाल्लेली गर्भवती एप्रिलमध्ये आजारी पडू शकते, आणि घरच्या फ्रीजरमध्ये पडलेले पाकीट तर त्याहूनही उशिरा बाहेर निघते. शेजारच्या नामिबियातही एक रुग्ण सापडला. त्या भागातल्या अनेक देशांनी या मांसाची आयात थांबवली. दक्षिण आफ्रिकेत जून 2018 मध्ये प्रक्रिया केलेल्या मांसाच्या कारखान्यांना धोक्याचे टप्पे शोधून त्यांवर नियंत्रण ठेवण्याची पद्धत सक्तीची करण्यात आली.

साल्मोनेलाची साथ असती तर माल उचलल्यावर दोन आठवड्यांत नवे रुग्ण थांबले नाहीत तर शोध चुकला, असे समजून दुसरीकडे वळावे लागले असते. इथे तसा निष्कर्ष काढता आला नाही. आजार दहा आठवड्यांपर्यंत दडून राहू शकतो, म्हणून मोजणीही त्याच मापाने करावी लागली. जुलैपर्यंत नवे रुग्ण साथीच्या आधीच्या पातळीवर आले. साथ संपली असे 3 सप्टेंबर 2018 रोजी जाहीर झाले, म्हणजे माल परत घेतल्यानंतर बरोबर सहा महिन्यांनी.